‘जेंटल रिमाइंडर’ला उत्तर का येत नाही?

‘महोदय, आमच्या नोंदीनुसार आपल्या खात्यावर रु. १,४१,६०० इतकी रक्कम थकीत आहे. सदर रक्कम तात्काळ अदा करावी, अन्यथा पुढील योग्य ती कारवाई करण्यात येईल. आपण रक्कम भरली असल्यास या सूचनेकडे दुर्लक्ष करावे. ही सूचना संगणकाद्वारे तयार केली असल्याने सहीची आवश्यकता नाही.’

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून दर महिन्याला अशी हजारो पत्रे सुटतात. बटण दाबले की ज्यांची ज्यांची बिले मुदतीबाहेर गेली आहेत, त्या सगळ्यांना एकाच वेळी एकच मजकूर जातो. इंग्रजीत असेल तर वर ‘जेंटल रिमाइंडर’ असे लिहिलेले असते आणि खाली ‘काइंडली डू द नीडफुल’. पाठवणाऱ्याला तगादा लावल्याचे समाधान मिळते. घेणारा विषयाची ओळ वाचून पुढच्या मेलकडे वळतो.

त्याचा तरी काय दोष? पत्रातच दुर्लक्ष करायची मुभा दिलेली आहे. सहीची गरज नाही म्हणजे पत्रामागे माणूस नाही, तेव्हा उत्तर द्यायचे तरी कोणाला? ‘तात्काळ’ म्हणजे नक्की कोणत्या तारखेपर्यंत आणि ‘योग्य ती कारवाई’ म्हणजे काय, हेही लिहिलेले नाही. पत्राचा आवाज चढा आहे, पण त्यात मागणी अशी एकही नाही.

हे पत्र माणसाने माणसाला लिहिल्यासारखे, तरीही ठाम कसे करायचे, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. उदाहरण रचलेले आहे, पण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. भोसरीत कॉम्प्रेसर दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे, एकट्या मालकाच्या नावावर. चाकणच्या एका कारखान्याच्या स्क्रू कॉम्प्रेसरचे एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, त्याने वर्कशॉपमध्ये आणून दुरुस्त केले आणि ३ जूनच्या गुरुवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीत, पुन्हा बसवून दिले. दुसऱ्या दिवशी बिल दिले. काम १,२०,००० रुपयांचे, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६०० रुपये, एकूण १,४१,६००. पीओवर मुदत बिलापासून ३० दिवसांची, म्हणजे ४ जुलैपर्यंत. आज ११ ऑगस्ट उजाडला तरी पैसे आलेले नाहीत. जीएसटीचे २१,६०० मात्र मालकाने जुलैमध्येच स्वतःच्या खिशातून सरकारजमा केले आहेत, कारण हा कर बिलावर लागतो. पैसे आले की नाही, हे कोणी विचारत नाही.

पत्र लिहिण्याआधी पैसे नेमके कुठे अडकले असतील, याचा अंदाज बांधावा लागतो. मोठ्या कारखान्यात बिल थेट पैसे देणाऱ्याकडे जात नाही. ज्या खात्याने काम करून घेतले, म्हणजे इथे मेंटेनन्स, त्याने काम झाल्याची नोंद संगणकात करायची असते. ती नोंद, पीओ आणि बिल हे तिन्ही जुळले की अकाउंट्स बिल पास करते. मग महिन्यातून ठरलेल्या एक-दोन तारखांना पास झालेल्या बिलांचे पैसे एकदम सुटतात. या साखळीत बहुतेक वेळा गळणारी कडी पहिली असते. मेंटेनन्सच्या साहेबांनी सर्व्हिस रिपोर्टवर सही केली, पण संगणकातली नोंद राहून गेली. अकाउंट्सच्या पडद्यावर बिल दिसतच नाही, आणि साहेबांना वाटते की पैसे कधीच गेले असतील. अशा वेळी सॉफ्टवेअरची सूचना अकाउंट्सच्या सामायिक मेलवर जाऊन पडते. तिथला कारकून शोधतो, त्याला काही सापडत नाही, आणि ‘आमच्याकडे असे बिल नाही’ असे ठरवून तो मोकळा होतो.

त्या सूचनेत आणखी एक चूक आहे, तीही सॉफ्टवेअरची म्हणून सहज सुटणारी. तिने १,४१,६०० मागितले. कारखाना मात्र कंत्राटी कामावरचा टीडीएस कापूनच पैसे देणार. एकट्या मालकाच्या व्यवसायाला तो एक टक्का असतो आणि जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर मूळ रकमेवरच कापला जातो, म्हणजे १,२०० रुपये. तेव्हा खरे येणे १,४०,४०० आहे. पत्रातला आकडा आणि समोरच्याच्या वहीतला आकडा जुळला नाही की अकाउंट्सला ‘हिशेब जुळवून कळवतो’ म्हणायला जागा मिळते, आणि त्या जुळवणीत महिना सहज जातो.

आता तेच पत्र पुन्हा लिहू. नाव अर्थातच नमुन्यापुरते.

‘विषय : ३ जूनचे कॉम्प्रेसरचे काम, बिल क्र. ११८, येणे रु. १,४०,४००

देशपांडेसाहेब, नमस्कार.

३ जूनच्या गुरुवारी तुमच्या दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचे एअरएंड आम्ही बसवून दिले. संध्याकाळी मशीन लोडवर चालवून दाखवले आणि सर्व्हिस रिपोर्टवर तुमची सही झाली. त्याचे बिल ४ जूनला दिले. पीओप्रमाणे ३० दिवसांची मुदत ४ जुलैला संपली. बिल १,४१,६०० चे आहे. त्यातून तुमचा १,२०० चा टीडीएस वजा जाता १,४०,४०० यायचे आहेत. ते अजून जमा झालेले नाहीत.

कामात किंवा बिलात काही अडचण असेल तर ती काय आहे ते लिहा, मी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतो. अडचण नसेल तर २५ ऑगस्टच्या पेमेंटमध्ये हे बिल आहे का, एवढे अकाउंट्सला विचारून मला बुधवार, १८ ऑगस्टपर्यंत याच मेलवर कळवा. कामाची नोंद संगणकात व्हायची राहिली असेल, तर तीही एकदा पाहून घ्या.

सप्टेंबरच्या सर्व्हिससाठी तुमचा दिवस मी राखून ठेवला आहे. ३१ ऑगस्टपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर ते काम मागचा हिशेब मिटल्यावरच हाती घेता येईल.

बिल, पीओ आणि सही झालेला रिपोर्ट सोबत जोडला आहे. माझा थेट नंबर खाली आहे.’

आणि खाली मालकाचे नाव. ‘लेखा विभाग’ नाही.

या पत्रात ‘तात्काळ’ नाही, ‘कारवाई’ नाही, ‘कृपया’सुद्धा नाही. तरी ते आधीच्या सूचनेपेक्षा कडक आहे. समोरच्याला पळायला वाट कुठे आहे ते पाहा. काम झाले की नाही, हा वाद त्याच्या स्वतःच्या सहीने मिटला आहे. कागद मिळाले नाहीत म्हणता येत नाही, कारण ते जोडलेले आहेत. आकडा त्याच्याच वहीतला आहे. उरतात फक्त दोन उत्तरे : अडचण आहे किंवा अडचण नाही. आणि दोन्हींपैकी कोणतेही उत्तर आले तरी पत्राचे काम झाले.

नेमकी हीच गोष्ट बहुतेक तगाद्यांमधून निसटते. पहिल्या पत्राने पैसे आणायचे नसतात, उत्तर आणायचे असते. पैसे सोडणे हे साहेबांच्या एकट्याच्या हातात नाही. त्यासाठी तीन टेबले आणि एक ठरलेली तारीख लागते. अकाउंट्सला एक फोन करून दोन ओळींचे उत्तर देणे मात्र त्यांच्या हातात आहे. जे समोरच्याच्या हातात आहे तेच त्याच्याकडे मागितले, तर ते मिळायची शक्यता मोठी. ‘पैसे द्या’ या मागणीला ‘बघतो’ म्हणता येते. ‘२५ तारखेच्या यादीत बिल आहे का?’ या प्रश्नाला ‘बघतो’ म्हटले तरी बघावे लागते.

पहिल्या परिच्छेदात कामाचा तपशील आहे, तो गोडव्यासाठी नाही. ‘बिल क्र. ११८’ वाचून साहेबांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. दोन नंबरचा कॉम्प्रेसर म्हटले की बंद पडलेली लाइन आणि गुरुवारची धावपळ आठवते. काम झाल्याची आठवण त्यांच्याकडेच आहे, अकाउंट्सकडे नाही, म्हणून पत्र त्यांच्या नावाने आणि प्रत अकाउंट्सला.

परिणामाचे वाक्यही नीट पाहण्याजोगे आहे. त्यात जे होईल म्हटले आहे, ते पूर्णपणे पाठवणाऱ्याच्या अखत्यारीतले आहे. पुढचे काम घ्यायचे की नाही, हे वर्कशॉपचा मालक ठरवतो, त्यासाठी त्याला वकील लागत नाही. पहिल्याच पत्रात कोर्टाची भाषा केली की समोरचा माणूस मेल कंपनीच्या लीगल खात्याकडे ढकलतो, आणि मग ज्याला आपले काम ठाऊक आहे त्याच्याशी बोलणेच बंद होते. शिवाय जी धमकी प्रत्यक्षात आणायची नाही ती एकदा दिली की पुढची खरी सूचनाही कोणी मानत नाही. (सप्टेंबरचे काम गमावायची तयारी नसेल तर ते वाक्य लिहूच नये. लिहून पुन्हा सर्व्हिसला माणूस पाठवणारे खूप आहेत.)

माणसासारखे लिहायचे म्हणजे रडगाणे गायचे, असाही एक समज आहे. ‘आम्ही छोटे उद्योजक, पगार अडलेत, बँकेचा हप्ता आहे’ हे खरे असले तरी पत्रात नको. त्याने येणे हे हक्काचे न राहता मदतीसारखे दिसू लागते, आणि मदत सवडीने करता येते. टोमणेही नकोत. ‘आपण बहुधा फार व्यस्त असाल’ हे वाक्य लिहिताना छान वाटते, एवढाच त्याचा उपयोग.

नाव घालून, नेमके लिहिल्याने फरक पडतो याचा पुरावा सरकारी वसुलीतही आहे. ब्रिटनमध्ये कोर्टाचा दंड थकवलेल्या लोकांना मोबाइलवर संदेश पाठवून पाहिले, तेव्हा ज्यात त्या व्यक्तीचे नाव होते तो संदेश साध्या संदेशापेक्षा जास्त कामी आला. तिथल्या कर खात्याने एक लाखाहून अधिक करदात्यांना पत्राचे वेगवेगळे मसुदे पाठवले. दहापैकी नऊ लोक कर वेळेवर भरतात आणि तुम्ही न भरणाऱ्या थोड्यांमध्ये आहात, अशा आशयाच्या एका छोट्या भराने वसुली वाढली. पण ही वाक्ये उचलून व्यापाराच्या पत्रात घालण्यात अर्थ नाही. तिथे वाचणारा स्वतःच्या खिशातून भरणार होता. इथे वाचणारा पगारी नोकर आहे आणि बाकीचे ग्राहक कधी पैसे देतात याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्याला हवी असते ती स्वतःच्या टेबलावरचे काम चटकन संपवण्याची सोय.

आता समजा, १८ ऑगस्टपर्यंत उत्तर आले नाही. सॉफ्टवेअर अशा वेळी तीच सूचना पुन्हा पाठवते, फार तर वर ‘द्वितीय स्मरण’ घालून. माणूसही आपले चांगले पत्र तसेच्या तसे पुन्हा पाठवतो, आणि तिथे तोही मशीनच होतो. दुसऱ्या पत्रात मधल्या काळात काय घडले ते आले पाहिजे. आता ते मेंटेनन्सऐवजी वित्तप्रमुखाला जाते, साहेबांना फक्त प्रत. आणि कायदा आता आणायचा.

कायदा चांगला आहे, पण अर्धवट माहितीवर वापरला जातो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावेच लागतात, आणि ती मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलेलेच नसेल तर १५ दिवस. पंधरा दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असे धरले जाते. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते, आणि करारात उलटे काही लिहिलेले असले तरी ते टळत नाही. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के होते. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचे सुमारे २,१०० रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण हे व्याज ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि हे वित्तप्रमुखाला बरोबर माहीत असते.

दुसऱ्या पत्राचा गाभा असा होऊ शकतो : ‘११ ऑगस्टच्या पत्राला उत्तर आले नाही आणि ३१ ऑगस्टपर्यंत पैसेही जमा झाले नाहीत. त्यामुळे सप्टेंबरची सर्व्हिस थांबवली आहे. आमचा उद्यम नंबर बिलावर आहे. एमएसएमईडी कायद्यानुसार या बिलावर ५ जुलैपासून व्याज सुरू झाले आहे. १५ सप्टेंबरपर्यंत १,४०,४०० जमा झाले तर मी व्याज मागणार नाही. न झाल्यास १६ तारखेला व्याजासह सुविधा परिषदेकडे अर्ज करीन. बिल ४ जूनचे असल्याने १ डिसेंबरला १८० दिवस पूर्ण होतात, हेही आपल्या जीएसटीच्या हिशेबासाठी लक्षात घ्यावे.’

शेवटच्या वाक्यात धमकी नाही, पण अकाउंट्सच्या माणसाला ते सगळ्यात आधी दिसेल. ग्राहकाने या बिलावरच्या २१,६०० रुपये जीएसटीचे क्रेडिट बहुधा कधीच घेतले आहे. बिलापासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते, तरी मधला व्याप कोणालाच नको असतो.

आयकराची ती बहुचर्चित तरतूद मात्र ऑगस्टमध्ये काढू नये. २०२३ च्या वित्त कायद्याने ४३बी कलमात भर पडली, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरला जाऊ लागला. पण त्याच आर्थिक वर्षात उशिरा का होईना पैसे दिले, तर ग्राहकाचे काही बिघडत नाही. म्हणून या हत्याराला धार येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऑगस्टच्या पत्रात त्याचा उल्लेख केला, तर जाणकार वित्तप्रमुख लिहिणाऱ्याला कच्चा समजतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने तर या तरतुदीच्या भरवशावर राहूच नये.

सुविधा परिषदेकडे अर्ज २०१७ पासून ऑनलाइन करता येतो. कायद्यात निकालाला ९० दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात बरेचदा जास्त लागतात, तेव्हा त्यावर पुढच्या महिन्याचे पगार बेतू नयेत. पण निकाल विरुद्ध गेला आणि ग्राहकाला तो कोर्टात आव्हानायचा असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. त्यामुळे अर्ज दाखल झाल्यावर तडजोडीला येणारेही असतात. हे सगळे आपल्याला लागू व्हावे म्हणून उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच झालेली असावी आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापलेला असावा. भांडण सुरू झाल्यावर केलेल्या नोंदणीवर विसंबणे धोक्याचे.

उत्तर मिळवण्याचा आग्रह कशासाठी, याचे आणखी एक कारण मुदतीच्या कायद्यात आहे. थकलेल्या पैशासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षे मिळतात. नुसती स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, मग ती छत्तीस का असेनात. पण मुदत संपण्याआधी ग्राहकाने देणे असल्याचे लिहून मान्य केले, किंवा थोडे पैसे दिल्याची त्याची लेखी नोंद असली, तर तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. ‘बिल पास झाले आहे, २५ ला सोडतो’ असे साहेबांनी मेलवर लिहिले की ते नुसते आश्वासन राहत नाही, कागदावरची कबुली होते. म्हणूनच फोनवर बोलणे झाले तरी लगेच दोन ओळींचा मेल टाकावा : ‘आत्ता आपले बोलणे झाले, २५ तारखेला पैसे सोडतो म्हणालात, बरोबर ना?’ त्याला ‘हो’ आले की बास. व्हॉट्सअॅप ‘मेल पाठवला आहे’ हे सांगायला ठीक आहे, रात्री दहाला हात जोडलेल्या इमोजीसह पैसे मागायला नाही.

एवढे करूनही काही ग्राहक तारीख देतात आणि मोडतात, पुन्हा देतात आणि पुन्हा मोडतात. त्यांना आणखी चांगले पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. परिषदेकडे अर्ज करावा, आणि त्यांचा नवा पीओ आलाच तर निम्मे पैसे आगाऊ जमा झाल्याशिवाय माणूस पाठवू नये.